पंधरावा सेकंद

चूक माझी होती, आणि तिच्यापायी मी एका सावध माणसाला निष्काळजी ठरवलं.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी सुरतजवळ हजीऱ्याच्या एका कारखान्यात संगणक सांभाळत होतो. गेटवरून ट्रकची नोंद पाठवली की ती आधी प्रॉक्सीकडे, म्हणजे मधल्या निरोप्या संगणकाकडे जाई आणि प्रॉक्सी ती मागच्या मुख्य सर्व्हरला देई. दुपारी एकच गेट चालू असे. तिथे धुळ्याकडचे एक भाऊ बसत, माझ्याहून वयानं मोठे. नोंद पाठवताना अधूनमधून पडद्यावर 'बॅड गेटवे' अशी एरर येई आणि नोंद होत नसे, तेही फक्त त्यांच्याच पाळीत.

भाऊ फॉर्म उघडत, नंबर टाकत आणि मग कागदाशी एकेक अक्षर ताडून पाहत. पाळी बदलताना सकाळचा सुरती कारकून चिडवायचा, "काका, बटन दबावता पहेलां आरती करो छो?"

"गाडी गेली का परत येत नाही रे बाबा," भाऊ म्हणायचे.

मी व्यवस्थापकांना सांगितलं, हे काहीतरी चुकीचं दाबतात. भाऊंना ट्रकच्या यार्डात उन्हात धाडलं. "साहेब, मी काहीच चुकीचं दाबेल नाही," एवढंच ते म्हणाले.

त्यांच्या जागी आलेला मुलगा झटपट टाइप करी. एरर थांबली. मी खूश झालो. पण त्याचे नंबर चुकू लागले, तेव्हा व्यवस्थापक त्याला म्हणाले, भाऊंसारखं तपासून पाठव. त्याच आठवड्यात एरर परत आली.

मग मी प्रॉक्सी आणि सर्व्हरमधली देवाणघेवाण टिपून ठेवली आणि बघतच राहिलो. सर्व्हरनं फॉर्म दिल्यावर दोघांमधली जोडणी उघडीच राही, पुढच्या कामासाठी. दुपारी एकच गेट असल्यानं मध्ये दुसऱ्या कुणाचं काम येत नसे. पंधरा सेकंद शांतता गेली की सर्व्हर ती बंद करी. बंद केल्याचा निरोप वाटेत असतानाच प्रॉक्सीनं त्याच जोडणीवर नोंद सोडली होती. दोन्ही वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. नोंद पोचली तेव्हा दार लागलेलं होतं. निमिषभर आधी आली असती तर स्वीकारली गेली असती. निमिषभर उशिरा निघाली असती तर प्रॉक्सीनं नवी जोडणी घेतली असती. इतक्या बारीक फटीत एका माणसाची खुर्ची गेली होती! प्रॉक्सी नोंद पुन्हा पाठवतही नव्हता, कारण ती दोनदा होण्याचा धोका होता. तोही भाऊंसारखाच सावध.

भाऊंच्या तपासणीला साधारण पंधरा सेकंदच लागत. आणि सर्व्हरवर ते पंधरा सेकंद मीच लिहिले होते, रिकाम्या जोडण्या लवकर सुटाव्यात म्हणून. प्रॉक्सीला मात्र त्या मिनिटभर धरून ठेवायची मुभा होती. मी आकडे उलटे केले. आता प्रॉक्सीच आधी सोडून देई. एरर पुन्हा आली नाही.

व्यवस्थापकांना खरं सांगून मी यार्डात गेलो. भाऊ डोक्याला रुमाल बांधून ट्रकमागे उभे होते. त्यांना सगळं सांगितलं.

"म्हणजे मी हळू होतो म्हणून?"

"नाही भाऊ. तुम्ही बरोबर होतात. चूक मी केली आणि नाव तुमचं घेतलं. मला माफ करा."