पुराच्या दिवशीची हजेरी

सलाइनच्या बाटल्या भरणाऱ्या त्या कारखान्यात चारशे माणसं कामाला होती, आणि त्यातल्या निम्म्यांना मालकाचं नाव विचारलं असतं तर डोकं खाजवत बसली असती. हजेरीबाईंना मात्र सगळे ओळखत. फाटकातून आत शिरलं की डाव्या हाताला टाइम ऑफिसची खिडकी, खिडकीत बाई, आणि बाईंच्या नाकाच्या टोकावर चष्मा. कोण कधी आलं, कोण कधी गेलं, कोणाची रजा किती उरली, हे कॉम्प्युटरला कळायच्या आधी बाईंना कळायचं. वय त्रेपन्न, आवाज खणखणीत. जिभेला हाड नाही म्हणतात ना, त्यातलीच बाई. पण मनात एक आणि खिडकीत दुसरं, असं तिच्या बाबतीत कधी कोणी पाहिलं नाही.

बाईंना एका शब्दप्रयोगाची भयंकर चीड होती. 'शक्य असल्यास यावे.' अकरा वर्षांपूर्वीच्या पुरात ऑफिसातून असाच निरोप गेला होता. लिहिणाऱ्या साहेबांना वाटलं, आपण केवढी मोकळीक दिली. साहेबांना घरी बसणं शक्य होतं, म्हणून ते बसले. रोजावरच्या माणसाला मात्र पगाराच्या नावाने सगळंच शक्य वाटतं. धुलाई खात्यातला एक माणूस गुडघाभर पाण्यातून निघाला, उघड्या गटारात पाय गेला आणि मांडीचं हाड मोडलं. तेव्हापासून पुराचा असो की बसच्या संपाचा, निरोप बाईच लिहायच्या. आधी यायचं की नाही ते सांगायचं, मग लगेच पगाराचं, आणि बाकीची काळजीची वाक्यं त्यानंतर. पगाराचं कळल्याशिवाय माणूस पुढचं वाचतच नाही, असं त्या म्हणायच्या.

त्या दिवशी पहाटे साडेपाचला धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी आली. नदीकाठचा रस्ता बंद झाला, बस डेपोतच थांबल्या. मॅनेजरसाहेबांनी फोनवर एक मजकूर धाडला: 'परिस्थिती पाहून कर्मचाऱ्यांनी आपापला निर्णय घ्यावा. अनुपस्थिती रजेतून वळती केली जाईल.' माणूस वाईट नव्हता हो. वरून विचारणा झाली तर हात झटकता यावेत, एवढीच त्याची साधी इच्छा.

बाईंनी चूल पेटवायच्या आधी साहेबांना पेटवलं. म्हणाल्या, निर्णय त्यांनी घ्यायचा तर तुम्ही-आम्ही कशाला आहोत? आणि रजेतून वळती म्हणता, तर पॅकिंगच्या बायका ठेकेदाराच्या, त्यांना रजाच नाही. वळती कशातून करणार, त्यांच्या पोटातून? साहेबांनी जरा ओढून धरलं, ठेकेदाराचं ठेकेदार बघेल म्हणाले. मग बाईंनी त्या जुन्या मांडीच्या हाडाची आठवण करून दिली आणि साहेब नरमले. आजच्या दिवसाचा पगार सगळ्यांना पुरा, ठेकेदाराकडच्यांनाही. तो खर्च कंपनी उचलणार. बाई म्हणाल्या, तोंडी नको, एक ओळ लिहून पाठवा. ती ओळ आल्यावरच त्यांनी पेन हातात घेतलं.

सहा वाजता निरोप गेला. आज कोणीही कामावर यायचं नाही. आजचा पगार कापला जाणार नाही, रजाही जाणार नाही, कसलाही दाखला आणायचा नाही. बॉयलर आणि शीतखोलीची पाच माणसं हवीत, पण फक्त टेकडीच्या बाजूची. त्यांना गाडी घ्यायला येईल, पाणी दिसलं तर ड्रायव्हरने गाडी परत वळवायची. रात्रपाळीने बाहेर पडायचं नाही, आतच थांबायचं. जेवणाची सोय कंपनीची, पाळीनंतर जितके तास कामाला लावू त्याचा दुप्पट दर. उद्याचं काय ते आज संध्याकाळी सहाला सांगू, तोवर कोणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवू नका. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी हेच सगळं बाईंनी स्वतःच्या आवाजात बोलूनही पाठवलं. खाली स्वतःचा नंबर.

बाईंचं घर कारखान्याच्याच चढावर होतं. सातला त्या खिडकीत हजर झाल्या. रात्रपाळीची एकेचाळीस माणसं मोजली, त्यांच्या घरी फोन करून कळवलं, उपाहारगृहात किती दिवसांचं धान्य आहे ते पाहिलं, पाच माणसं गाडीतून सुखरूप उतरलेली पाहिली. आणि ह्या सगळ्या धावपळीत एक काम त्यांच्या हातून राहिलं.

हजेरीच्या मशीनला सुट्टी सांगावी लागते. रविवार त्याला आपोआप कळतो, पूर कळत नाही. त्या दिवसापुढे कॉम्प्युटरवर 'भरपगारी सुट्टी' अशी खूण केली नाही, तर ज्यांनी अंगठा लावला नाही त्या सगळ्यांना सव्वानऊ वाजता आपोआप निरोप जातो. तसा तो गेला. साडेतीनशे फोनवर एकाच वेळी: 'आपण आज गैरहजर आहात. एक दिवसाची वेतनकपात लागू.'

खिडकीतला फोन वाजायला लागला तेव्हा बाईंच्या लक्षात आलं. आपण सकाळी जे बांधलं ते आपल्याच हाताने पाडलं.  मग त्यांनी कॉम्प्युटरवर ती खूण केली, पुन्हा असा निरोप जाणार नाही याची खात्री केली, आणि दुसरा निरोप लिहायला घेतला.

साहेब तेवढ्यात फोनवर आले. म्हणाले, तांत्रिक अडचण झाली असं लिहा. बाई म्हणाल्या, "तांत्रिक अडचणीला फोन करून कोण विचारणार? माझं नाव लिहिलं तर मला विचारतील." आणि त्यांनी लिहिलं, बोलूनही पाठवलं: 'सव्वानऊचा निरोप चुकीचा. चूक माझी, हजेरीबाईची. कोणी गैरहजर नाही. पगार कापणार नाही. घराबाहेर पडलेले असाल तर परत फिरा.' एवढी मोठी चूक एवढ्या कमी शब्दांत पदरात घेणारी माणसं मी तरी फार पाहिलेली नाहीत.

पण निरोप पाठवणं म्हणजे तो पोचणं नव्हे. नाल्यापलीकडच्या वस्तीत पॅकिंगच्या अठ्ठावीस बायका राहत. वस्तीतून निघायचं तर एकच ठेंगणा पूल, आणि आज पाणी त्याच्यावरून वाहत होतं. बाईंनी आधी त्यांना फोन लावले, एकेकीला. सत्तावीस जणी घरात होत्या. चार तर चपला घालून दारात उभ्या होत्या. बाईंनी त्यांना सकाळच्या सकाळी असं काही झापलं की चपला पुन्हा कोपऱ्यात गेल्या. अठ्ठाविसावी होती लेबलवाली मावशी. बाटलीवर लेबल चिकटवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. विधवा बाई, घरात आजारी सासू, मिळवणारी ती एकटी. तिचा फोन वाजत राहिला. शेजारणीने सांगितलं, मशीनचा निरोप वाचून दाखवल्याबरोबर मावशी डबा घेऊन निघाली. फोन भिजू नये म्हणून पिशवीत गुंडाळून डब्याखाली ठेवलाय.

बाईंनी अग्निशमन दलाला फोन केला. गाडी निघते म्हणाले, पण वीस मिनिटं तरी लागणार होती. मग त्यांनी आपली वही काढली. कुठल्या वळणावर कोणाला निरोप देता येईल याचे नंबर बाईंनी पूर्वीच लिहून ठेवले होते. पुलाच्या तोंडाशी, वस्तीच्या बाजूला, किराणावाल्याचं दुकान होतं. दुकान बंद, पण माणूस माळ्यावर सामान चढवत होता. त्याने खिडकीतून पाहिलं आणि म्हणाला, आहे, पुलावर आहे, कठडा धरून चाललीय, कमरेएवढं पाणी, मी केव्हाचा ओरडतोय.

"काय ओरडताय?" बाईंनी विचारलं.

"पाणी वाढतंय, मरशील, मागे फिर म्हणतोय. ऐकतच नाही."

बाईंना त्याही घाईत कळलं की हे ओरडून काही उपयोग नाही. पाणी मावशीला दिसतच होतं की. पाण्याला भिऊन ती थांबणार असती तर निघालीच नसती. बाई म्हणाल्या, "पाण्याचं नाव काढू नका. एवढंच ओरडा, तुझी हजेरी लागली. हजेरीबाईने हाताने लावली म्हणून सांगा."

फोन कानालाच होता. किराणावाल्याने छाती फुटेस्तोवर आवाज काढला, एकदा, दोनदा, तीनदा. मधे नुसता पाण्याचा आवाज. बाईंनी डाव्या हाताने कागदी मस्टर ओढलं, मावशीच्या नावापुढे खरंच हजर लिहिलं, आणि पेन तसंच टेकवून बसून राहिल्या.

मग तो म्हणाला, "थांबली." आणि बऱ्याच वेळाने, "वळली."

तो दोर घेऊन खाली उतरला आणि शेवटच्या चार हातांवर त्याने तिला ओढून घेतलं. डबा गेला, एक चप्पल गेली, मावशी वाचली. बाईंनी फोन ठेवला, पदर तोंडावर घेतला आणि बंद खिडकीआड हमसून हमसून रडल्या. त्यानंतर तोंड धुऊन रात्रपाळीच्या जेवणाचं काय झालं ते पाहायला गेल्या. संध्याकाळी सहाला ठरल्याप्रमाणे दुसऱ्या दिवसाचा निरोपही गेला, एक मिनिट उशीर नाही.

चौथ्या दिवशी पाणी ओसरलं आणि मावशी कामावर आली, पायात कोणाच्या तरी मापाच्या चपला. बाईंनी तिला खिडकीशी थांबवलं. बोलणी बसणार म्हणून तिने मान आधीच खाली घातली. पण बाई रागावल्या नाहीत. त्यांनी तिचे हात धरले आणि माफी मागितली. मग एकच विचारलं, की त्या दिवशी सकाळी माझ्या तोंडून ऐकलं होतंस पगार कापणार नाही म्हणून, तरी मशीनचं का गं खरं मानलंस?

मावशीला त्यात विचारण्यासारखं काही वाटलं नाही. "बाई, देतो म्हणणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. कापतो म्हणणारं मात्र आजवर कधी खोटं निघालेलं नाही."

 त्याच दिवशी हजेरीबाई साहेबांकडे गेल्या आणि तो आपोआप जाणारा निरोप कायमचा बंद करून घेतला. गैरहजेरी कळवायची असेल तर ती मी माझ्या तोंडाने कळवेन, म्हणाल्या. ठेकेदाराच्या मागे लागून पुराचा दिवस त्याच्याही हिशेबात घालून घेतला. त्याने दोनदा टाळलं, बाई तिसऱ्यांदा जाऊन त्याच्या दारात बसल्या.

पगाराच्या दिवशी मावशी चिठ्ठी घेऊन खिडकीशी आली. तिला तो एकच दिवस बघायचा होता. बाईंनी बोट ठेवून दाखवला. मावशीने तिथे स्वतःचं बोट ठेवलं, मागे रांगेतली माणसं कुरकुरायला लागली तरी उचललं नाही.

"पुढच्या वेळी," ती म्हणाली, "तुम्ही बस म्हणालात की घरी बसते."