मध्यंतरकाकांची न लिहिलेली ओळ

मध्यंतरकाकांना चित्रपटाचा शेवट विचारणं म्हणजे एखाद्या सोवळ्या बाईला तिचं खरं वय विचारणं. ते आधी लाजत, मग रागावत आणि शेवटी विषय बदलून चहा मागवत. आमच्या दैनिकाच्या शनिवारच्या पुरवणीत त्यांनी वीस वर्षं चित्रपट परीक्षणं लिहिली, पण मध्यंतरानंतरची एक गोष्ट फोडली असेल तर शपथ. 'मध्यंतरकाका' हे नाव त्यावरून मीच ठेवलं होतं. त्यांना ते आवडलं नव्हतं, म्हणून टिकलं.

मूळचे ते सूतगिरणीतले टाइमकीपर. गिरणी बंद पडली, पण काकांचं घड्याळ चालूच राहिलं. शुक्रवारी बाराच्या खेळाला ते नेहमी शेवटून तिसऱ्या रांगेत बसत, कारण तिथून पडदाही दिसतो आणि माणसंही. पहिला मोबाईल किती वाजता उजळला, कुठल्या प्रसंगात खोकले सुरू झाले, सगळं अंधारात न बघता वहीत लिहीत. "गती म्हणजे धावाधाव नव्हे रे," ते मला सांगत. "संथ चित्रपटातही माणूस हलत नाही, आणि मारामारी चालू असताना पॉपकॉर्न आणायला जातो. का जातो, ते शोध."

अभिनय बघायची त्यांची रीत उलटी होती. "बोलणाऱ्याला सगळेच बघतात. ऐकणाऱ्याला बघ. त्याचे डोळे संवाद संपायची वाट बघत असतील, तर तो नट नाही, रांगेतलं गिऱ्हाईक आहे." आणि दिग्दर्शक? तो म्हणे कॅमेरा कुठे ठेवला यापेक्षा कुठून उचलला यात कळतो. रडणाऱ्या बाईवरून योग्य क्षणी कॅमेरा काढून घेणाऱ्याला काका अर्धा स्टार जास्त देत.

पुरवणीची पानं मी लावत असे. एकदा त्यांच्या परीक्षणाला मी झोकात मथळा दिला, 'विश्वासघाताची थरारक कहाणी'. शनिवारी सकाळी काका माझ्या टेबलासमोर उभे. ओरडले नाहीत. खुर्चीत बसले आणि कपाळाला हात लावला.

"वाचक आता पहिल्या मिनिटापासून प्रत्येकाकडे संशयानं बघणार. दिग्दर्शकानं सव्वा तास विश्वास बसवलाय. तू चार शब्दांत उठवलास."

"तीन शब्दांत, काका."

"मोजतोयस वर!"

त्या दिवसापासून मला कळलं की रहस्य फोडायला रहस्य सांगावं लागत नाही. 'अमक्याचा अभिनय उत्तरार्धात खुलतो' असं लिहिलं, की अमका पूर्वार्धात मरत नाही हे वाचकाला कळतं. 'शेवटी धक्का बसतो' असं लिहिलं, की तो धक्क्याची वाट बघत बसतो आणि धक्का बसत नाही. काका असे शब्द गव्हातले खडे वेचावेत तसे वेचून टाकत. कथेचा पहिला अर्धा तास सांगायचा आणि थांबायचं.

अशा माणसाच्या आयुष्यात राजेशम यावा, याला मी नियतीचा खट्याळपणा म्हणतो.

राजेशम गिरणीतला त्यांचा जुना सोबती. पुढे यंत्रमागावर चादरी विणल्या आणि तीस वर्षं हौशी नाटकांत कामं केली. घरी तेलुगू, रंगमंचावर मराठी. वर्तमानपत्रात त्याचं नाव नेहमी 'इतर भूमिकांत' यायचं, तेही बहुतेक वेळा राजेश म्हणून. म्हातारपणी त्याला एका मराठी चित्रपटात काम मिळालं. चित्रपटाचं नाव विचारू नका. भूमिकाही विचारू नका. पहिल्या भागात दोनदा दिसतो, कुणाच्या लक्षात राहू नये असा. पुढचं मी बोलणार नाही.

गुरुवारी तो आमच्या कचेरीत आला. "टायमकीपरसाहेब, रविवारी पोरगा भिवंडीला घिऊन चाललाय मला. कायमचं. एक वळ लिवा की नावानिशी. सूनबाई म्हणती, मामंजी नाटकात काय पडदा वडायचे काय? कात्रण दावतो तिला."

"चांगलं केलं असशील तर लिहीन," काका म्हणाले.

"वाईट केलं आसंल तर वाईट लिवा. पर नाव लिवा."

शुक्रवारी मीही काकांबरोबर खेळाला गेलो. दुपारी थिएटरबाहेर आलो तेव्हा काकांचा चेहरा पांढरा पडला होता. राजेशमनं अप्रतिम काम केलं होतं. सबंध चित्रपटात तेवढं चांगलं काम कुणाचं नव्हतं. आणि तेच सांगायची सोय नव्हती.

पाचपर्यंत मजकूर द्यायचा होता. काकांनी लिहिलं, 'राजेशम यांची छोटी भूमिका लक्षात राहते.' खोडलं. "छोटी भूमिका लक्षात का राहते? वाचक हाच प्रश्न घेऊन थिएटरात शिरणार. तो दिसला की कोपरानं शेजाऱ्याला ढोसणार."

"इतर नावांच्या गर्दीत घाला ना," मी सुचवलं. "अमुक, तमुक आणि राजेशम यांची साथ योग्य."

"योग्य?" काका माझ्याकडे बघत राहिले. "तीस वर्षं त्यानं हेच मिळवलंय. आणि आज तर ते खोटं आहे."

साडेचार झाले. दिग्दर्शनाचा परिच्छेद झाला, नायिकेचं कौतुक झालं, मध्यंतरानंतरची वीस मिनिटं रेंगाळतात हेही लिहून झालं. त्या एका ओळीपाशी मात्र काका अडकून बसले होते. अखेर त्यांनी लिहिलं, 'अगदी लहान भूमिकांसाठीही दिग्दर्शकाने माणसे पारखून घेतली आहेत.' कागद माझ्याकडे सरकवला आणि चष्मा काढून उगीचच पुसत राहिले.

रविवारी सकाळी मी त्यांना स्कूटरवरून स्टेशनवर नेलं. राजेशम डब्यात खिडकीपाशी बसला होता. मांडीवर आमची पुरवणी.

"माझं नाव न्हाय की," तो म्हणाला.

"नाव लिहिलं असतं तर तुझं काम मेलं असतं." काकांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "ह्यात तू आहेस."

राजेशमनं ओळ दोनदा वाचली. "हे कुणाला कळंल?"

"कुणालाच नाही."

"मग सूनबाईला काय दावू?"

तेवढ्यात समोरच्या बाकावरचा एक गृहस्थ पुढे झुकला. "तो पिक्चर पाहिला का हो तुम्ही? पुण्यात पोचल्यावर बघावा म्हणतोय."

राजेशमनं आता छाती काढून सांगितलं असतं, तर त्याला कोण अडवणार होतं? त्यानं खिडकीतून काकांकडे पाहिलं.

"बगा की," तो म्हणाला. "चांगला हाय. शेवटपतुर उठू नका."

"कुणाचं काम चांगलंय?"

"हिरोइनीचं," राजेशम म्हणाला आणि पुरवणी घडी करून त्या गृहस्थाच्या हातात दिली.

गाडी हलली. हात हलवायचं काकांच्या लक्षातच आलं नाही. परतताना स्कूटरवर नव्या पेठेत रिक्षांच्या गर्दीत आम्ही अडकलो, तेव्हा मला मागून त्यांचा आवाज ऐकू आला.

"पडद्यावरसुद्धा त्यानं इतकं चांगलं काम केलं नव्हतं रे."

"मग हे तरी लिहा, काका."

"कसं लिहू?" ते म्हणाले. "कुणीतरी अजून बघायचं राहिलंच असेल."

काका गेले त्याला आता दोन वर्षं झाली. ती ओळ त्यांनी कधीच लिहिली नाही. आज मी लिहायला बसलो, तर मलाही चित्रपटाचं नाव न सांगता एवढंच जमलं.