शून्य रत्तल सल्फेट

मी जन्माचा भित्रा माणूस आहे. शेतकी खात्यात लागलो तेव्हा वाटलं होतं, इथे भिण्यासारखं काही नाही. खत, बियाणं, पीक यांना कोण घाबरतं? पण माझी सगळ्यात मोठी घाबरगुंडी उडाली ती निघोज्यात, कांद्याच्या एका एकरात, आणि तीही माझ्याच हातच्या आकडेमोडीपायी.

तो एकर एका विधवा बाईचा होता. म्हणजे कसत ती होती. कागदावर भाच्यांचं नाव. नवरा गेल्यावर ती माहेरी परत आली, भावाने विहिरीखालचा हा तुकडा तिला पोटापुरता दिला. भाऊ वारला आणि भाचे हिशेबी निघाले. "आत्याला झेपतंय तवर करू द्या," असं ते चारचौघांत सांगायचे. पीक बुडालं की झेपत नाही असं ठरवायचं आणि तुकडा परत घ्यायचा, हे सगळ्या गावाला कळत होतं. गाव तिला आत्या म्हणे, म्हणून मीही म्हणू लागलो.

त्या वर्षी वरिष्ठांनी आम्हाला नवं काम लावलं. शेतकऱ्याने घातलेल्या शेणखतातून नत्र, स्फुरद, पालाश किती मिळालं ते काढायचं, पिकाच्या गरजेतून वजा करायचं, आणि उरेल तेवढंच वरखत विकत घ्यायला सांगायचं. मला हे फार आवडलं. आकड्यांच्या आड लपायला बरं असतं.

आत्याने दहा गाड्या शेणखत घातलं होतं. शिवाय कासारवाडीच्या एका कोंबडीवाल्याकडून कोंबडखताच्या दोन गाड्या आणल्या होत्या. गाडी म्हणजे हजार रत्तल, आजच्या मापाने साडेचारशे किलो, असं आम्ही धरायचो. शेणखतात नत्र शेकडा अर्धा, म्हणजे दहा हजार रत्तलांत पन्नास. कोंबडखताचा तक्त्यातला आकडा शेकडा तीन, म्हणजे दोन हजारांत साठ. एकूण एकशे दहा. कांद्याला हवं होतं ऐंशी. स्फुरद आणि पालाशही तसेच गरजेच्या वर गेले. मी तिच्या अंगणात बसून ऐटीत लिहिलं: अमोनियम सल्फेट, शून्य रत्तल.

"काहीच न्हाई घालायचं?" आत्याने विचारलं.

"गरजच नाही. तुमच्या खतात सगळं आहे."

"दरसाली थोडं घालते मी, दादा."

"दरसाल वाया घालवता," मी म्हणालो. आजही हे वाक्य आठवलं की कानशिलं तापतात.

मार्गशीर्षात लागण झाली. पौष सरता सरता मी पुन्हा गेलो आणि बांधावरूनच दिसलं. शेजारचा कांदा हिरवागार, आणि आत्याचा पिवळट. खालच्या पाती वाळत चाललेल्या, मधल्या कोवळ्या पोग्यांचाही रंग उतरलेला. दोन्ही भाचे बांधावर उभे होते. थोरला म्हणाला, "साहेब, कोंबडखत उष्ण असतं. जाळलं की हो आत्याचं रान!"

त्याच्या आवाजात दुःख नव्हतं. मी मात्र पेचात पडलो. कारण खरंच जळलं असेल तर सल्फेट घालणं म्हणजे उरलंसुरलं मारणं. आणि उपाशी असेल तर सल्फेट न घालणं म्हणजे डोळ्यांदेखत मारणं. कागदावर तर माझंच शून्य होतं.

ते गेल्यावर आत्याने एक रोप उपटलं, विहिरीच्या पाटात धुतलं आणि माझ्यासमोर धरलं. मुळं पांढरीशुभ्र होती. "जळलेलं मूळ काळं पडतं, दादा. हे उपाशी हाय."

कोथिंबिरीच्या वाफ्यासाठी तिने थोडं कोंबडखत पाचटाखाली झाकून ठेवलं होतं. मी मूठभर हातात घेतलं तर हात ओला झाला. "हे इतकं ओलं कसं?"

"धूळ उडू नये म्हणून पाणी मारूनच भरत्यात गाडी. आन् खाली भाताचं तूस अंथरलेलं असतंय कोंबड्यांच्या."

माझा तक्ता कोरड्या, निव्वळ कोंबडखताचा होता. गाडीत काय भरलंय, हे मी विचारलंच नव्हतं. दुकानातला तराजू मागून आणला, दहा रत्तल खत तोललं आणि पत्र्यावर उन्हात पसरलं. तीन दिवसांनी पाच भरलं. आत्याने ते सुपात पाखडलं. तूस निघालं दोन रत्तल, राहिलं तीन. म्हणजे माझ्या दोन हजार रत्तलांत खरं खत सहाशेच, आणि नत्र साठ नव्हे, अठरा. त्यातलंही पहिल्या हंगामात पिकाच्या तोंडी लागणार निम्म्याहून थोडं जास्त, धरा अकरा. शेणखताचं तर आणखी हळू. पन्नासातलं यंदा मिळणार तिसरा हिस्सा, फार तर सतरा. बाकीचं जमिनीत कुजत राहून पुढच्या पिकांना. सगळं मिळून अठ्ठावीस. ऐंशीला बावन्न कमी! सल्फेटात नत्र पाचवा हिस्सा, म्हणजे अडीचशे रत्तलांच्या वर सल्फेट तिला लागत होतं, आणि मी तिथे शून्य मांडलं होतं. स्फुरदाची तूट भरायची वेळ लागणीबरोबरच गेली होती, पालाश बेताचा होता. नत्र मात्र पाण्याआधी वरून देता येत होतं.

गणित सुटलं तरी मी ते तीनदा पुन्हा मांडून पाहिलं. एकदा चुकलेला माणूस दुसऱ्यांदा कशावरून चुकणार नाही? मी म्हणालो, "आत्या, आधी विहिरीजवळच्या वाफ्यांना देऊन बघू. एकराचा सहावा हिस्सा. जळलं तर तेवढंच जळेल."

"आन् न्हाई जळलं तर?"

"मग बाकीच्याला देऊ."

तिने खुरपं उचललं. "तुमी शिकलेले," एवढंच म्हणाली.

चाकणच्या डेपोत तेव्हा सल्फेटची थप्पी लागलेली होती. मी चाळीस रत्तल तोलून घेतलं. ते वाफ्यांना दिलं, पाणी सोडलं, आणि मग आठ दिवस मला अन्न गोड लागलं नाही. रोज सायकल मारत जायचो आणि पाती चिमटीत धरून बघायचो. आठव्या दिवशी त्या वाफ्यांवर हिरवा रंग चढला. आनंदाने मला रडू आलं. तसाच डेपोवर गेलो, तर तिथे नुसती जमीन. सल्फेट संपलं होतं. नवा माल यायला पंधरा दिवस लागले. ते पंधरा दिवस मी कसे काढले ते सांगत नाही. भाचे मात्र रोज बांधावर येत होते.

उशिरा दिलेल्या खताने पात माजली, कांदा पोसला नाही. काढणीला विहिरीजवळ मुठीएवढे कांदे निघाले, आणि बाकी रानात माना जाड, खाली लिंबाएवढी गाठ. भाच्यांनी चार माणसं बसवली आणि आत्याला झेपत नाही असं ठरवलं. अर्धा एकर काढून घेतला. मी त्या चार माणसांसमोर सांगितलं की चूक माझी आहे, माझ्या कागदाची आहे. थोरला भाचा हसून म्हणाला, "साहेब, तुमचा कागद तिच्याच हातात व्हता की. पाळायचा का न्हाई, ते तिनंच ठरवलं."

सगळे उठून गेल्यावर आत्या ओट्यावर कांद्याच्या माना कापत बसली होती. मी पाया पडायला वाकलो तर तिने पाय मागे घेतले.

"पयल्या हिशेबाचं मी काही म्हणत न्हाई," ती म्हणाली. "त्यो चुकला. माणूस चुकतं. पर दुसरा तर बरोबर आला व्हता ना, दादा? तुमीच तोललं, तुमीच मांडलं. मग थांबला कशापायी?"

मला भीती वाटली, हे मी तिला सांगू शकलो नाही. पुढे मी शेकडो शेतकऱ्यांना खताचे हिशेब मांडून दिले. गाडी ओली की कोरडी, हे विचारल्याशिवाय पेन उचललं नाही. आत्याने मात्र मला पुन्हा कधी काही विचारलं नाही.