आईच्या वाट्याचा तोटा

तिचं नाव मी विचारलं नाही. दौंडच्या कॉलेजातल्या धर्माच्या समाजशास्त्राच्या चर्चासत्रात ती विद्यार्थिनी ओढणी बोटाला गुंडाळत शेवटच्या बाकावर बसली होती.

मी सिद्धांत मांडला: माणूस धर्मही नफातोटा पाहून निवडतो, कडक पंथ जास्त त्याग मागतो, म्हणून काही न देता फायदा घेणारे फुकटे गळतात आणि उरलेल्यांना घट्ट सोबत मिळते. असाच पंथ धरून मी घरचा खंडोबा आणि आईच्या हातचा त्याचा नैवेद्यही सोडला, हे अभिमानानं सांगितलं.

"पर सर, निवडणारा एकटाच ऱ्हातो व्हय?" ती म्हणाली. "तोटा तुमच्या आईला झाला आसंल. त्यो कुठं धरायचा?"

"सिद्धांतात त्याला जागा न्हाई," मी कबूल केलं.

संध्याकाळी गावी, वडगाव रासाईला आईकडं गेलो. आईनं नैवेद्याचं ताट भीत भीत पुढं केलं. मी जेवलो.