वरचा एक रुपया

आमचे हे पिठाची गिरणी चालवतात आणि काळजी करतात. दोन्ही कामं पहाटेपासून रात्रीपर्यंत. पट्टा जरा वेगळा वाजला तरी ह्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. त्यात विजेचा दर वाढला. दळणावळ किलोला पाचची सहा केल्याशिवाय भागणार नव्हतं, आणि ते खानावळवाल्या बाईंना सांगायचं कोणी?

बाई म्हणजे आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. त्या गेल्या तर गिरणीला कुलूप, हे आम्हा दोघांनाही ठाऊक.

सोमवारी त्या वीस किलो गहू घेऊन आल्या. ह्यांनी घाम पुसत सहाचं सांगितलं. बाईंना हिशोब तोंडपाठ.

"दादा, दहा किलो गव्हाचे तीनशे वीस. तुमचे साठ. निवडण्यात नि दळण्यात अर्धा किलो जातो. म्हणजे पीठ पडलं चाळीस रुपये किलो. दुकानात तयार पाकीट एकोणचाळीसला मिळतं, निवडायची कटकटही नाही. कालच एक मोठं आणून ठेवलंय."

हे पिठाळ हातांनी काटा पुसत राहिले. शेवटी बाई म्हणाल्या, "आजचं द्या दळून. पुढचं पुढे बघू."

पीठ घेऊन त्या गेल्या आणि ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. पिठानं असतो तसा नव्हे.

"अगं, सकाळीच दगडांना टाकी लावली होती!"

छिन्नीनं टाके घालून दगड खरखरीत केले, की आधी थोडं टाकाऊ धान्य दळून काढायचं, नाहीतर दगडाची कच पिठात उतरते. तीस वर्षांत ह्यांनी ते कधी चुकवलं नव्हतं. आज सहा-सहा घोकण्याच्या नादात थेट बाईंचे गहू ओतले होते.

"आता सांगितलंत, तर त्या पाकिटाकडेच वळतील," मी म्हणाले.

"न सांगता माणसांच्या दाताखाली कच घालू?" असं म्हणून हे चप्पल न घालताच पळाले. मी गिरणी बंद केली. माणूस म्हणून मला त्यांचा अभिमान वाटत होता, आणि बायको म्हणून भयंकर राग येत होता.

बऱ्याच वेळानं हे परतले, वीस किलोचं ओझं खांद्यावर.

"काय म्हणाल्या?"

"चिमूटभर चावून बघितलं. मग पाकीट फोडलं."

"म्हणजे गेल्याच त्या!"

"आजच्यापुरतं," हे म्हणाले. "ह्या गव्हाचे पैसे आपण भरून द्यायचे. उद्या नवीन गहू पाठवतायत."

"पाचनं?"

"सहानं. म्हणाल्या, पाकिटात कच निघाली असती तर मला ती जेवणाऱ्यांकडूनच कळली असती. वरचा रुपया दळण्याचा नाही, दादा. असं धावत येण्याचा देते."