पहिलं नाव कुणाचं

मी निवृत्त प्राध्यापिका, म्हणून नातीनं बायोडेटा माझ्याच हातात दिला. शाहूपुरीतल्या एका कॉलेजात सहायक प्राध्यापकाची एकच जागा निघाली होती आणि अर्जाची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती.

नुसत्या हजेरीची वेबिनारं मी खोडली. तासिका तत्त्वावरची तीन वर्षं तिनं पूर्णवेळ दाखवली होती, तीही दुरुस्त केली. मग नवा लेख आधी, जुना नंतर असा क्रम लावताना तिनं मैत्रिणीसोबत लिहिलेल्या एका लेखाची मूळ प्रत उघडली. तिथं पहिलं नाव मैत्रिणीचं होतं. बायोडेटात मात्र नातीचं.

"आज्जी, पहिल्या नावाला गुण जास्त असतात की! कोण बघतंय?"

"अगं शहाणे, तिनंबी याच जागेला अर्ज केलाय न्हवं? समितीपुढं दोघींचे कागद शेजारीच पडणार."

 मग ती म्हणाली, "तू कधी असलं केलं न्हाईस?"

केलं होतं की. पंचविशीतली मी मोठी विदुषी! गॅदरिंगच्या अंकातलं माझं चुलीबद्दलचं विनोदी टिपण मी 'संशोधन' म्हणून अर्जाला लावलं, कुणी वाचलं नाही आणि नोकरी लागली. माझ्याहून जास्त शिकलेली एक बाई मुलाखतीच्या खोलीबाहेर बाकावर बसून राहिली. हे सगळं नातीला सांगितलं. तिला हसू आलं नाही. तिनं आपलं नाव दुसऱ्या जागी नेलं.

"आता मला घेत नाहीत," ती म्हणाली.

"घेतील" असं माझ्या तोंडून निघेना.