बाईंच्या व्हिडिओचा शेवट

त्या सकाळी नारायण पेठेतल्या आमच्या दोन टेबलांच्या ऑफिसात मी खुर्चीवरून ताडकन उठले आणि माझा भागीदार नेहमीसारखा म्हणाला, "बस. चहा सांडशील." जाहिरातींचा आमचा एवढासा व्यवसाय. शब्द माझे, आकडे त्याचे. उतावळेपणा सगळा माझ्या वाट्याला आला आणि त्याच्या वाट्याला अजिबात नाही, म्हणून आमचं बरं चाललंय.

काम होतं कसबा पेठेतल्या एका शिवणक्लासचं. क्लासच्या बाई सत्तरीला टेकलेल्या, ताठ, आणि बोलणं असं की समोरच्यानं दोन पावलं मागं सरावं. एके काळी त्यांच्याकडे दोन-दोन बॅच चालायच्या. आता चारच मुली येत होत्या आणि बाकीची मशिनं झाकून ठेवलेली. ती झाकलेली मशिनं त्यांना बघवेनात. म्हणून त्यांनी जागेच्या मालकांना शब्द देऊन टाकला होता, की दिवाळीनंतरची बॅच भरली नाही तर खोली सोडते. आमच्याकडे त्या भाचीच्या आग्रहामुळं आल्या होत्या. "हा शेवटचा प्रयोग," असं त्यांनी मला पायऱ्यांवरच सुनावलं.

आम्ही दोन छोटे व्हिडिओ केले आणि दोन्हींवर सारखाच खर्च करून, सारखेच दिवस, त्याच भागातल्या बायकांना दाखवले. पहिला भागीदाराच्या डोक्यातला. सुरुवातीलाच मोठ्या अक्षरांत 'पहिला वर्ग फुकट'. दुसऱ्यात फक्त बाई. फसलेला ब्लाउज हातात धरून त्या विचारतात, "हे काय आहे? बाही आहे की पिशवी?" आणि मग तो कुठं आणि का फसला ते सांगतात. शूटिंगच्या वेळी कॅमेरा हलला, कारण तो माझ्या हातात होता आणि मी हसत होते.

आठवड्यानं, त्या सकाळी, आकडे समोर आले. फुकटवाल्या व्हिडिओवर क्लिक भरपूर, पण लोक तो दोन-तीन सेकंदांत सोडून जात होते आणि क्लिक करणाऱ्यांतले फारच थोडे चौकशीचा फॉर्म भरत होते. बाईंच्या व्हिडिओवर क्लिक जवळजवळ नाहीतच. खर्चाला फॉर्मच्या संख्येनं भागलं, तर दोन्हीकडे एकेक चौकशी बाईंना झेपणार नाही इतकी महाग पडत होती.

"दुसरा बंद करू," भागीदार म्हणाला. "उरलेलं बजेट पहिल्यावर टाकू. निदान क्लिक तरी येतायत."

"वॉच टाइम बघ!" मी ताडकन उठून ओरडलेच. बावीस सेकंदांचा व्हिडिओ आणि लोक सरासरी सतरा-अठरा सेकंद बघत होते. हलत्या कॅमेऱ्यासकट! म्हणजे अर्ध्याहून अधिक बायका थेट शेवटापर्यंत पोचत होत्या. "लोकांना बाई आवडल्यात. ज्या इथपर्यंत येतात त्या दाराशी येऊन परत का जातात, ते बघायला नको?"

आम्ही शेवट पुन्हा लावला. शेवटी बाई कॅमेऱ्याकडे बघून म्हणतात, "शिकायचं तर शिका, नाहीतर रेडिमेड आहेच." आणि संपलं. शूटिंगच्या दिवशी या वाक्यावर आम्ही दोघांनी टाळ्या पिटल्या होत्या. आता कळलं, की बायका खुदकन हसून पुढं जात होत्या. कुणी त्यांना या म्हटलंच नव्हतं!

मग मी क्लिक केल्यावर उघडणारं पान पाहिलं. मजकूर बाईंनी स्वतः लिहून दिला होता आणि आम्ही तो बिनदिक्कत तसाच चढवला होता. फॉर्मच्या वर सूचनाच सूचना. उशिरा येणाऱ्यास वर्गात घेतले जाणार नाही. कात्री स्वतःची आणावी. आणि सगळ्यांत खाली, 'केवळ चौकशीसाठी फॉर्म भरू नये.' अहो, चौकशीचाच फॉर्म होता तो! असलं फक्त पुण्यातच होऊ शकतं, आणि ते पुण्यातल्याच आम्हा दोघांना खटकलंही नव्हतं. भागीदार इतका हसला की चहा शेवटी त्याच्याच हातून सांडला.

पण हसून झाल्यावर तो परत आकड्यांवर आला. "दोन्ही एकदम बदलायचं नाही. शेवट बदलला तर क्लिक वाढायला हवेत. पान बदललं तर क्लिक केलेल्यांतले फॉर्म वाढायला हवेत. एकेक कर, म्हणजे कशानं काय झालं ते कळेल. आणि पहिल्या सतरा सेकंदांना हात लावलास तर बघ." त्याचं पटलं. राग आला, पण पटलं.

मी कागद घेऊन चालत कसब्यात गेले. मी लिहिलेले सगळे नवे शेवट बाईंनी झटक्यात मोडीत काढले. "त्वरा करा? मी काय सेल लावलाय? आजपर्यंत कुणाच्या दारात गेले नाही. ज्याला गरज, तो येईल."

"आणि नाही आले तर?"

त्यांनी एका झाकलेल्या मशीनवरचं कापड उगाच सारखं केलं. मलाच वाईट वाटलं. म्हणून सहज विचारलं, "बाई, नवी मुलगी पहिल्यांदा कापडावर कात्री धरते, घाबरते. तेव्हा तिला काय सांगता?"

"काय सांगणार? म्हणते, काप. चुकलं तर मी आहे."

मी हातातला कागद बाजूला टाकला. "हेच! हेच म्हणा, आणि खालच्या बटणाकडे बोट दाखवा." त्यांनी डोळे वटारले, पदर नीट केला आणि एका दमात म्हटलं. दुसऱ्यांदा घ्यावं लागलं नाही.

बाईंचा जुना व्हिडिओ चालूच ठेवून आम्ही नव्या शेवटाचा त्याच्या शेजारी सोडला. जुना तिथंच रेंगाळला आणि नव्याचे क्लिक चढू लागले. मी दर तासाला आकडे बघायला लागले, तेव्हा भागीदारानं माझा लॅपटॉपच मिटला. "चार क्लिकवर नाचू नकोस. आठवडा जाऊ दे." आठवडा गेला आणि क्लिक टिकले. फॉर्म मात्र अजून अडकलेलेच होते. मग पान बदललं. सूचना काढल्या. वर बाईंचं तेच वाक्य, खाली फक्त नाव, फोन आणि सोयीची वेळ. आणि मग एकामागोमाग एक फॉर्म येऊ लागले! एका चौकशीचा खर्च आधीच्या निम्म्याखाली आला. या खेपेला भागीदारही उठून उभा राहिला. मला इतका आनंद झाला की मी त्याला आधीची सगळी भांडणं माफ करून टाकली.

नावं आम्ही बाईंकडे पाठवत होतो आणि त्या स्वतः एकेकीला फोन करत होत्या. बॅच भरल्याचं सांगायला त्यांचा फोन आला, तेव्हा अर्थातच आधी मला ओरडा बसला.

"बंद करा ती जाहिरात. कान दुखायला लागलाय माझा. मशिनं संपली, आता काय मांडीवर बसवू मुलींना? मालकांना सांगितलंय, खोली सोडत नाही."

"करते बंद, बाई."

मला वाटलं, त्या फोन ठेवतील. पण त्यांनी ठेवला नाही. मागं कुठलंतरी मशीन चालू होतं.

"इतकी वर्षं वाटायचं, लोकांना आता हे नकोच झालंय," त्या म्हणाल्या. "मी बोलावलंच नव्हतं हो कुणाला."